प्रभारी बाईंनीच अर्ज केला नाही: एका नोकरीच्या जाहिरातीची तपासणी

पार्श्वभूमी

प्रयोगशाळांमधली उपकरणं दुरुस्त करणारी आणि त्यांची देखभाल पाहणारी ही मध्यम आकाराची कंपनी. साधारण चाळीस तंत्रज्ञ रोज ग्राहकांकडे जातात. कोण कुठे जाणार, कोणता सुटा भाग आधी पोहोचायला हवा, कोणाची भेट पुढे ढकलायची, हे सगळं सहा जणांचा नियोजन विभाग ठरवतो. त्या विभागाच्या प्रमुखांनी नोकरी सोडली आणि जागा रिकामी झाली. मी तेव्हा तिथल्या मनुष्यबळ विभागात होते. या पदाची पहिली जाहिरात माझ्या सहीनेच बाहेर गेली होती, हे आधीच सांगते.

पहिल्या जाहिरातीची मुदत एकवीस दिवसांची होती. अर्ज आले ७१. त्यांतून निवडलेल्या पहिल्या उमेदवाराने नकार दिला आणि दुसऱ्याने रुजू व्हायच्या आठवड्यात माघार घेतली. तोवर चार महिने उलटले होते. या काळात विभागाचं काम थांबलं नव्हतं, कारण नियोजन विभागातल्याच एक अकरा वर्षं काम केलेल्या बाई प्रभारी म्हणून ते सांभाळत होत्या. सकाळचं वेळापत्रक त्या लावत होत्या, ग्राहकांच्या तक्रारी त्याच मिटवत होत्या. दर महिन्याचा अहवालही त्यांच्याच नावाने वर जात होता.

दुसऱ्यांदा जाहिरात द्यायची ठरली, तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, की तुम्ही पहिल्या वेळी अर्ज का केला नाहीत? त्यांनी जाहिरातीची प्रत काढली आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं. पदवी, चोवीस तास, आणि ‘तरुण टीम’. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती, विज्ञानाची होती. घरी आजारी सासरे होते. वय सत्तेचाळीस. “मला वाटलं, तुम्हाला दुसरंच कोणीतरी हवंय,” एवढंच त्या म्हणाल्या.

जे काम त्या रोज करत होत्या, त्याच कामाच्या जाहिरातीत त्यांना स्वतःला जागा दिसली नव्हती.

अडचण

जाहिरातीचा मजकूर असा होता:

“झपाट्याने वाढणाऱ्या आमच्या तरुण आणि धडाडीच्या टीमसाठी सेवा नियोजन प्रमुख नेमणे आहे. उमेदवार अभियांत्रिकी पदवीधर असावा. त्याला याच क्षेत्रातला सलग ५ ते ८ वर्षांचा अनुभव असावा. टीमवर घट्ट पकड ठेवणारा, आक्रमकपणे उद्दिष्ट गाठणारा, दबावातही न डगमगणारा असावा. कामाच्या वेळेचं बंधन न मानणारा, २४ तास उपलब्ध असणारा. तंत्रज्ञानातच वाढलेला, नवं सॉफ्टवेअर झटपट आत्मसात करणारा. सध्या नोकरीत असणाऱ्यांना प्राधान्य.”

यात ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ किंवा ‘पंचेचाळिशीपुढचे नकोत’ असं कुठेच म्हटलेलं नाही, म्हणून पहिल्या वेळी ती कोणाला खटकली नाही, मलाही नाही. अशा जाहिरातीबद्दल तक्रारही येत नाही, कारण जे थांबतात ते गुपचूप थांबतात आणि आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आपल्याला फक्त आलेल्या अर्जांचा गठ्ठा दिसतो. ७१ अर्जांपैकी स्त्रियांचे सहा होते. पदवीच्या वर्षावरून अंदाज बांधला तर पंचेचाळिशीपुढचे दोन. आणि आत्ता नोकरीत नसलेलं, मध्ये काही वर्षं थांबून परत येऊ पाहणारं एकही नाव नव्हतं. हे आकडे पूर्ण नव्हते, शेवटचा तर चुकीचाच होता, पण ते पुढे कळलं.

ओळीओळीने वाचन

मी आणि सेवा विभागाचे प्रमुख (हे पद त्यांच्या हाताखालचं) दोन दुपारी एकत्र बसलो. प्रत्येक वाक्याला आम्ही एकच प्रश्न विचारला: हे गेल्या वर्षभरात कामात नेमकं कधी लागलं, आणि ते नसेल तर शिकायला किती दिवस लागतील?

पहिलं वाक्य पदवीचं. अभियांत्रिकी कशासाठी, याचं उत्तर शोधता शोधता आम्ही तीन जाहिराती मागे गेलो. सात वर्षांपूर्वीचे प्रमुख योगायोगाने अभियंता होते. त्यांच्या जागी माणूस घेताना त्यांचीच पात्रता जाहिरातीत उतरली आणि पुढे प्रत्येक वेळी तीच नकलून घेतली गेली. उपकरण उघडून पाहण्याची वेळ या पदावरच्या माणसावर येत नाही. तंत्रज्ञाचा अहवाल वाचून काम दोन तासांचं आहे की दोन दिवसांचं, एवढं कळावं लागतं. ते अनुभवाने येतं. पदवीची अट गेली.

‘सलग ५ ते ८ वर्षं’ या पाच शब्दांत दोन वेगवेगळ्या भिंती होत्या, आणि त्या एकमेकींपासून सुट्या करून पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. ‘सलग’ हा शब्द मूल, आजारपण किंवा घरातल्या कोणाची शुश्रूषा यांसाठी थांबलेल्या प्रत्येकाला बाहेर काढतो. चार वर्षं काम, तीन वर्षं खंड, पुन्हा चार वर्षं काम केलेल्या माणसाकडे आठ वर्षांचा अनुभव असतो, पण तो सलग नसतो. दुसरी भिंत ‘८’ या आकड्याची. किमान अनुभव मागण्याला निदान काहीतरी कारण असतं. कमाल अनुभवाची मर्यादा मात्र जवळजवळ नेहमी वयाची मर्यादा असते, फक्त वय न लिहिता घातलेली. बावीस-तेवीसाव्या वर्षी कामाला लागलेल्या माणसाची आठ वर्षं तिशीच्या आसपास भरतात. विभागप्रमुख म्हणाले, “जास्त अनुभवाचा माणूस जास्त पगार मागेल आणि कंटाळून निघून जाईल.” पगाराची भीती असेल तर पगाराचा पट्टा छापावा, म्हणजे ज्याला परवडत नाही तो स्वतःच ठरवेल. कंटाळ्याबद्दल मी एवढंच विचारलं, की याआधी सोडून गेलेल्या दोघांचं वय काय होतं? एक एकोणतीस, दुसरा तेहेतीस.

वर्षं मोजण्याऐवजी काम मोजायचं आम्ही ठरवलं: रोज पंचवीस किंवा जास्त माणसांच्या फिरतीच्या भेटींचं नियोजन केलेलं असावं. हे काम कुठल्या वर्षी केलं, सलग केलं की तुटक, याला या पदावर फारसा अर्थ नाही.

‘तंत्रज्ञानातच वाढलेला’ हे माझ्या मते पूर्ण मजकुरातलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. माणूस कोणत्या सालात जन्मला हे ते विचारतं आणि कौशल्य विचारल्याचा आव आणतं. प्रत्यक्षात आमचं नियोजनाचं सॉफ्टवेअर बाहेर कोणीच वापरत नव्हतं, त्यामुळे ते येणारा उमेदवार कुठेच मिळणार नव्हता. प्रत्येक नव्या माणसाला ते आम्हीच शिकवत होतो आणि साधारण तीन आठवडे लागत होते. मग तेच लिहायचं.

शब्द बदलायचे की काम लिहायचं

‘आक्रमक’, ‘पकड’, ‘न डगमगणारा’ या शब्दांवर आमचा वाद झाला. २०११ साली गॉशर, फ्रीझन आणि के या तीन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषी छटेच्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात, असं त्यात दिसलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त कामाचा वाटतो: ‘हे काम आपल्याला जमणार नाही’ असं त्या स्त्रियांना वाटत नव्हतं, ‘आपण तिथे बसणार नाही’ असं वाटत होतं. आमच्या प्रभारी बाईंचं वाक्य अगदी तेच होतं.

त्या अभ्यासातल्या याद्या मात्र इंग्रजी शब्दांच्या आहेत. त्यांचं भाषांतर करून मराठी जाहिरातीत चाळणी लावली तर अर्धं काम होतं, कारण मराठीत अडथळा शब्दांच्या आधी क्रियापदात येतो. ‘पदवीधर असावा’, ‘त्याला अनुभव असावा’, ‘ठेवणारा’, ‘गाठणारा’, ‘मानणारा’, ‘वाढलेला’. ‘आक्रमक’ हा शब्द काढला तरी पूर्ण जाहिरात एका पुरुषाशीच बोलत राहते.

यावर आम्ही तीन उपाय करून पाहिले. ‘असावा/असावी’ अशी तिरपी रेघ दोन ओळींपुरती चालते, सहाव्या ओळीला वाचणारा दमतो, आणि ‘-वी’ मागाहून चिकटवल्यासारखं दिसतं. ‘उमेदवार पदवीधर असावेत’ हे आदरार्थी बहुवचन बरं आहे, पण त्याने मजकूर सरकारी परिपत्रकासारखा ताठ होतो. तिसरा उपाय भाषेनेच दिला. ‘तुम्ही’ला उद्देशून लिहिलं आणि वाक्य कर्मावर फिरवलं की लिंग आपोआप कामाला चिकटतं, माणसाला नाही: ‘तुम्ही नियोजन केलेलं असावं’, ‘तुम्हाला तक्ते करता यावेत’, ‘तुमच्याकडे अनुभव असावा’. कुठेही कसरत न करता वाक्यं दोघांनाही लागू झाली. मराठी जाहिरात लिहिणाऱ्या कोणालाही मी आधी हाच बदल करायला सांगेन.

मग राहिले ते तीन शब्द. विभागप्रमुखांचा मुद्दा रास्त होता: “काम दबावाचं आहेच. ते लपवून माणूस घ्यायचा आणि महिन्याभरात गमवायचा?” लपवायचं नव्हतंच. पण ‘दबावात न डगमगणारा’ या शब्दांतून काम कसं आहे हे कळत नाही, फक्त माणूस कसा हवा याचं चित्र उभं राहतं, आणि ते चित्र प्रत्येक जण आपापल्या कल्पनेने भरतो. मी त्यांना गेल्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगायला लावला. मंगळवारी सकाळी दोन तंत्रज्ञ आजारी पडले, दुपारी एका ग्राहकाचं उपकरण अचानक बंद पडलं, आणि अर्ध्या तासात ठरवावं लागलं की कोणाच्या भेटी पुढे ढकलायच्या आणि त्या ग्राहकांना फोन कोणी करायचा. तेच वाक्य आम्ही जाहिरातीत घातलं. दबाव त्यात पुरेपूर आहे. पण असा दिवस आयुष्यात पाहिलेल्या बाईला तो ओळखीचा वाटतो.

चोवीस तासांचा खरा हिशोब

‘२४ तास उपलब्ध’ या अटीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. छोट्या मुलांच्या किंवा आजारी माणसांच्या घरात राहणाऱ्यांसाठी तिथेच दार बंद होतं. सौम्य शब्द घालून ती झाकणं हा पर्याय होता, ‘लवचीक वेळेची तयारी’ वगैरे. तो मी नाकारला. काम तसंच ठेवून शब्द मऊ करणं म्हणजे उमेदवाराला फसवणं, आणि ज्यांची घडी घट्ट बसवलेली असते त्यांनाच त्याचा फटका सर्वांत आधी बसतो.

त्याऐवजी आम्ही फोनच्या नोंदी काढल्या. मागच्या बारा महिन्यांत या पदावरच्या माणसाला कामाच्या वेळेबाहेर १९ वेळा फोन आला होता. त्यांतले ११ फोन अर्ध्या तासाच्या आत, घरबसल्या मिटले होते. प्रत्यक्ष कार्यालयात यावं लागलं ते दोनदा. आणि १९ पैकी बहुतेक फोन असे होते, की नियोजन विभागातलं दुसरं कोणीही ते घेऊ शकलं असतं, फक्त तशी पाळी लावलेली नव्हती.

इथे तपासणी जाहिरातीपलीकडे गेली. सहा जणांनी आठवड्याची पाळी घ्यायची, प्रमुखांनीही त्यातलाच एक आठवडा घ्यायचा, असं ठरलं. विभागप्रमुखांनी याला आठ दिवस घेतले, कारण सहाही जणांशी बोलून त्याचा भत्ता ठरवावा लागला. जाहिरात तेवढी लांबली. लांबली ते बरं झालं, कारण ही पाळी नसती तर नव्या मजकुरातली वेळेची ओळ खोटी ठरली असती.

उलट दिशेचीही एक ओळ आली. सकाळी आठ ते दहा प्रमुखांनी कार्यालयातच असायला हवं, कारण वेळापत्रक तेव्हाच लागतं. काही जणांना ही वेळ अडचणीची असणार, हे आम्हाला माहीत होतं. तरी ती स्पष्ट छापली.

नाकारलेला पर्याय

संचालकांपैकी एकांनी सुचवलं होतं की एवढा खटाटोप कशाला, जुन्या जाहिरातीखाली ‘महिला उमेदवारांचं विशेष स्वागत’ अशी ओळ घाला. सोपं होतं, स्वस्त होतं, आणि हेतूही चांगला होता. पण वरच्या आठ ओळी ‘तू नाहीस’ म्हणत असताना खालची एक ओळ ‘ये’ म्हणाली, तर वाचणारी वरच्या आठ ओळींवर विश्वास ठेवते. शिवाय तिला असंही वाटू शकतं, की निवड झालीच तर ती आकडा भरण्यासाठी झाली.

खंडानंतर परतणाऱ्यांसाठी मात्र आम्ही एक ओळ घातली, कारण तिथे शंका खरोखर संदिग्धतेतून येते: ‘मध्ये काही काळ काम थांबवलं असेल तर तो काळ फक्त तारखेपुरता नोंदवा, कारण देण्याची गरज नाही. खंडाआधीचं काम आम्ही पूर्ण धरतो.’

नवा मजकूर

पेन्सिलवाचन नावाची एक साधी पद्धत मी वापरते. हे काम करू शकतील पण सध्या नोकरी शोधत नाहीत अशा पाच जणांना मसुदा द्यायचा आणि सांगायचं, वाचताना जिथे ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटेल तिथे पेन्सिल थांबवा. ‘यात काही भेदभाव दिसतो का?’ असं विचारू नये. त्याला सगळे नाही म्हणतात. पेन्सिल मात्र थांबते.

पाचांपैकी तिघांची पेन्सिल पात्रतेच्या यादीवर थांबली. तिथे आम्ही नऊ गोष्टी लिहिल्या होत्या आणि सगळ्या एकाच रांगेत. बरेच लोक अशी यादी नियमासारखी वाचतात: नऊपैकी सात असतील तर आपण नियमात बसत नाही, मग वेळ कशाला घालवा. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र त्यातल्या पाच ‘असल्या तर बरं’ अशा असतात. आम्ही अटी चारवर आणल्या आणि बाकीच्या पाचांतल्या तीन ‘इथे आल्यावर शिकवू’ या मथळ्याखाली नेल्या. दोन गाळून टाकल्या.

शेवटी जे छापलं गेलं त्यातला मुख्य भाग:

“सेवा नियोजन प्रमुख नेमणे आहे. चाळीस तंत्रज्ञांच्या रोजच्या भेटी तुम्ही आणि तुमचे पाच सहकारी ठरवाल. सकाळी लावलेलं वेळापत्रक काही दिवशी दुपारपर्यंत मोडतं. तेव्हा कोणाची भेट पुढे जाईल हे अर्ध्या तासात ठरवून ग्राहकाला सांगावं लागतं. तुम्ही रोज पंचवीस किंवा जास्त जणांच्या फिरतीचं नियोजन केलेलं असावं, कोणत्याही क्षेत्रात आणि कधीही. सकाळी ८ ते १० कार्यालयात असणं आवश्यक आहे. कामाच्या वेळेबाहेरचे तातडीचे फोन सहा जण आठवड्याच्या पाळीने घेतात. गेल्या वर्षी असे १९ फोन आले. आमचं सॉफ्टवेअर पहिल्या तीन आठवड्यांत शिकवलं जाईल.”

खाली पगाराचा पट्टा आणि खंडाबद्दलची ओळ.

नवव्या दिवशीचा फोन

जाहिरात लागली. स्त्रियांचे अर्ज येत होते, वयाने मोठ्या लोकांचेही. परतणाऱ्यांचं एकही नाव दिसत नव्हतं. मला वाटलं, एका ओळीने एवढा अविश्वास जात नाही, वेळ लागेल.

नवव्या दिवशी स्वागतकक्षात एका बाईंचा फोन आला. त्यांचा प्रश्न साधा होता: “फॉर्ममध्ये ‘सध्याची कंपनी’ भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझी सध्या कंपनी नाही. काय लिहू?”

मी फॉर्म उघडला. या सगळ्या तपासणीत तो मी एकदाही स्वतः भरून पाहिला नव्हता. दुसऱ्या पानावर ‘सध्याची कंपनी’ आणि ‘सध्याच्या पदावर रुजू झाल्याची तारीख’ हे दोन्ही रकाने सक्तीचे होते. नोंदी पाहिल्या. आठ दिवसांत ११७ जणांनी फॉर्म उघडला होता, पहिल्या पानावर नऊ जण सोडून गेले होते, दुसऱ्या पानावर ४६. जाहिरातीत आम्ही जे दार उघडलं होतं, ते फॉर्मने आतून लावून घेतलं होतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. रकान्यात ‘सध्या नाही’ लिहून कसेबसे पुढे गेलेल्यांचे अर्ज, शेवटची नोकरी संपून सहा महिने उलटले असतील तर, आपोआप ‘थांबवलेले’ नावाच्या कप्प्यात जात होते. हा नियम कधी आणि कोणी लावला हे कोणालाच आठवेना. त्या कप्प्यात या जाहिरातीचे तीन अर्ज होते. पहिल्या जाहिरातीचे चौदा. एकही उघडलेला नव्हता.

म्हणजे ‘जाहिरातीच्या शब्दांमुळे परतणारे अर्जच करत नाहीत’ हा माझा निष्कर्ष निम्मा चुकीचा होता. चौदा जणांनी ते सगळे शब्द ओलांडून अर्ज केला होता. त्यांत नऊ स्त्रिया होत्या. दोघी तर जुन्या, कडक अटींतही पूर्ण बसत होत्या. त्यांना आमच्याकडून नकारसुद्धा गेला नव्हता.

इथे ठरवायचं होतं: मुदत संपेपर्यंत थांबून पुढच्या वेळी फॉर्म सुधारायचा, की चालू जाहिरातीतच बदलायचा? मधेच बदललं तर आधीच्या आणि नंतरच्या अर्जांची तुलना करता येणार नव्हती. तरी त्याच दिवशी बदललं. रकान्याचं नाव ‘अलीकडचं काम (चालू किंवा शेवटचं)’ केलं, सक्ती काढली, कप्प्याचा नियम बंद केला. चौदाही जणांना मी स्वतः पत्र लिहिलं, की तुमचा अर्ज आमच्या चुकीने वाचला गेला नाही, आणि जागा अजून खुली आहे. पाच जणांनी पुन्हा अर्ज केला.

निकाल

एकूण ८८ अर्ज आले. स्त्रियांचे २३, पंचेचाळिशीपुढचे अंदाजे ११, आणि सध्या नोकरीत नसलेल्यांचे १६. त्या सोळांपैकी तेरा फॉर्म बदलल्यानंतरचे. आठ जणांना मुलाखतीला बोलावलं, त्यांत चार स्त्रिया होत्या, त्यांतल्या एक साडेतीन वर्षांच्या खंडानंतर परतणाऱ्या.

निवड प्रभारी बाईंची झाली. त्यांनी मुलाखतीत तो मंगळवारचा दिवस कसा सांभाळला हे कागदावर मांडून दाखवलं, आणि मुलाखत घेणाऱ्या तिघांच्याही गुणांत त्या पहिल्या आल्या.

हे जाहिरातीचं यश मी म्हणणार नाही. त्यांना मी समोर बसून विचारलं होतं, मसुद्यावर त्यांच्या तक्रारीचा ठसा होता. त्यांनी अर्ज केला यात शब्दांचा वाटा किती आणि त्या संभाषणाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. बाकीच्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. दुसरी जाहिरात आम्ही आणखी दोन संकेतस्थळांवर टाकली होती आणि पगाराचा पट्टा पहिल्यांदाच छापला होता. ६ चे २३ झाले ते या सगळ्यांनी मिळून, आणि त्या ६ मध्ये कप्प्यात अडकलेल्या नऊ जणी धरलेल्याच नव्हत्या.

वेगळं काय करता आलं असतं

फॉर्म आधी भरून पाहायला हवा होता. हे काम वीस मिनिटांचं आहे: खंड असलेल्या एका काल्पनिक व्यक्तीच्या नावाने पूर्ण अर्ज भरायचा आणि तो आत कुठे जाऊन पडतो ते शोधायचं. मी दोन दुपारी एकेका शब्दावर घालवल्या आणि ही वीस मिनिटं घालवली नाहीत.

पेन्सिल धरणारे पाचही जण मी ओळखीतले निवडले, आणि पाचही जण नोकरीत होते. त्यांच्यात खंड असलेलं एक जरी कोणी असतं, तर खंडाबद्दलच्या ओळीनंतर तिने नक्की विचारलं असतं, की मग फॉर्ममध्ये काय लिहू?

आणि मुलाखत. साडेतीन वर्षांनी परतणाऱ्या त्या बाई शेवटच्या तिघांत होत्या. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकांनी त्यांना विचारलं, “मधल्या काळात काय करत होतात?” विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, गप्पा सुरू करायच्या म्हणून विचारलं. पण कारण देण्याची गरज नाही असं आम्ही छापून दिलं होतं. त्या क्षणभर थांबल्या आणि मग वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगू लागल्या. बाकीच्या दोघांनी ती दहा मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलण्यात घालवली होती. मी खोलीत होते आणि मध्ये बोलले नाही. बोलायला हवं होतं.

गुणांत त्या दुसऱ्या आल्या, दीड गुणाने मागे. त्या दहा मिनिटांनी किती फरक पडला हे सांगता येणार नाही. आता मुलाखतीच्या तक्त्यावर पहिल्या ओळीत जाहिरातीतली खंडाबद्दलची ओळ जशीच्या तशी छापलेली असते आणि प्रत्येकाला सुरुवातीला एकच ठरलेला प्रश्न विचारला जातो: तुम्ही लावलेलं एखादं वेळापत्रक मोडलं, तेव्हा काय केलंत?